एकशे विसावा दिवस

कायद्याच्या चौथ्या वर्षाला असताना मी अलिबागला एका वकीलबाईंच्या ऑफिसात शिकायला जात होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा मुरुड ते रेवदंडा मिनीडोर, म्हणजे सवाऱ्या भरून धावणारी मोठी रिक्षा, चालवतात. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "पोरगी आमची कोर्टात असते," आणि ऐकणारा जरा सरसावून बसायचा. कोर्टात पोरगी फाइल उचलते आणि झेरॉक्स काढते, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या मागच्या गल्लीत होतं. एक खोली मॅडमची. बाहेरच्या खोलीत दोन टेबलं आणि क्लार्ककाका. काका तीस वर्षं तिथे होते. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक मोठं कॅलेंडर असायचं आणि ऑफिसातल्या सगळ्या मुदती त्यावर लाल पेन्सिलीने लिहिलेल्या असायच्या. खरी शेवटची तारीख ते लिहीतच नसत. आठ दिवस अलीकडची लिहीत. "मॅडमला खरी तारीख कळली तर त्या खऱ्या तारखेलाच उठतात," असं ते मॅडमना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायचे. त्यांचा एक नियम होता. वकीलपत्रावर सही झाल्याशिवाय तारीख कॅलेंडरवर चढत नाही. नुसत्या चौकशीला येणारे कितीतरी, त्यांच्या तारखा लिहायला भिंत पुरायची नाही, हे त्यांचं म्हणणं.

त्या हिवाळ्यात मी कॉलेजच्या अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तयारी करत होते. यात एक काल्पनिक खटला देतात आणि विद्यार्थी वकील होऊन तो लढवतात. आमच्या वाट्याला आलेला खटला असा. एका परदेशी कंपनीने एका देशात बंदर बांधलं. देशाने परवाना काढून घेतला. दोन देशांमध्ये गुंतवणुकीला संरक्षण देणारा तह होता, त्याच्या आधाराने कंपनी त्या देशाविरुद्ध लवादाकडे गेली. तीन जणांच्या लवाद मंडळाने निवाडा दिला. देश हरला. आता देशाला तो निवाडा रद्द करून हवा आहे, आणि देशाची वकील मी.

हा लवाद एका आंतरराष्ट्रीय कराराखाली चालला होता. त्या कराराखालचा निवाडा कुठल्याच देशाच्या कोर्टात रद्द होत नाही. त्याच करारातून तीन जणांची एक नवी समिती नेमली जाते. रद्द करायची कारणं फक्त पाच. लवाद मंडळ नीट नेमलं गेलं नव्हतं, मंडळाने उघडउघड अधिकार ओलांडले, एखाद्या सदस्याने भ्रष्टाचार केला, कामकाजाचा एखादा मूलभूत नियम गंभीरपणे मोडला, किंवा निवाड्याला कारणंच दिली नाहीत. निवाडा चुकीचा आहे, हे कारण त्यात नाही. आणि अर्ज करायला मुदत एकशे वीस दिवस, निवाड्याच्या प्रती पक्षकारांना रवाना केल्या त्या दिवसापासून.

हे मी मिनीडोरमध्ये पाठ करायचे. बाबांनाही ते पाठ झालं होतं. "पाच कारनं आन एकशे ईस दिवस," ते क्लच दाबत म्हणायचे. "पन मला एक सांग, निवाडा चुकला आसंल तरी न्हाय बदलायचा?"

"नाही बदलायचा."

"मग समिती करते काय?"

मला याचं उत्तर यायला हवं होतं. मी म्हटलं, "ते सामना पुन्हा खेळत नाहीत. पंच पंच होते का आणि सामना नियमाने झाला का, एवढंच बघतात."

"आस्सं. म्हंजी आउट होता का न्हाय ते न्हाय इचारायचं."

ऑफिसात क्लार्ककाकांना मात्र या खटल्याचं हसू यायचं. "पाचच कारणं? आमचा पक्षकार जिना चढेपर्यंत पंचवीस सांगतो."

मॅडम एकदा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुला माहीत आहे ना, आपला देश त्या करारात नाही?"

मला माहीत होतं, पण मी त्यावर विचार केला नव्हता.

"म्हणजे आपल्या सरकारविरुद्ध परदेशी गुंतवणूकदाराचा निवाडा झाला, तर ही तुझी समिती येत नाही. लवादाचं कायदेशीर ठिकाण ज्या शहरात असेल, तिथल्या कोर्टात जावं लागतं. साध्या व्यापारी लवादासारखंच. समिती शिक, पण कोर्टही शिक. आपलं पोट कोर्टावर आहे." एवढं बोलून त्या भारतातल्या लवाद कायद्याचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. कलम चौतीसच्या पानात पेन्सिल घातलेली होती.

मी ते कलम वाचलं. खरंच वाचलं, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडे व्यापारी लवादाचा निवाडा रद्द करायला जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज करतात. कारणं पुष्कळशी तशीच, पण त्यात दोन आणखी. निवाडा आपल्या देशाच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध असला तर, आणि देशातल्या देशात झालेला लवाद असेल तर निवाड्यात वरवर पाहताच दिसणारी बेकायदेशीर चूक असली तर. तिथेही पुरावा पुन्हा तोलायचा नाही. मुदत, निवाड्याची सही केलेली प्रत पक्षकाराच्या हाती पडल्यापासून तीन महिने. आणि पुरेसं कारण दाखवलं तर पुढे तीस दिवस, त्यानंतर नाही.

मी वहीच्या कडेला लिहिलं, तीन महिने आणि तीस दिवस, म्हणजे एकशे वीस. दोन्हीकडे सारखीच मुदत. मला फार बरं वाटलं. पाठ करायची एक गोष्ट कमी झाली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम आठ दिवस मुंबईला उच्च न्यायालयात होत्या. काका घरच्या लग्नात होते. फोन वाजला तो मी घेतला. मुरुडजवळच्या एका वाडीवाल्या काकूंचा होता. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. नारळ-सुपारीची त्यांची वाडी, मागे चार खोल्या, आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना काकूंच्या हातचं जेवण. बाबा त्यांच्याकडे पाहुणे पोचवायचे.

नवरा वारल्यावर काकूंनी त्या खोल्या चालवायला एका कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. तीन वर्षं संपायच्या आत, करारात म्हटलं होतं तसं, काकूंनी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं की मला पुढे करार नको. कंपनी म्हणाली की पत्र मिळालं नाही, करार आपोआप नऊ वर्षं वाढला. करारात लवादाचं कलम होतं. लवाद कोण नेमणार, तर कंपनीचा संचालक. त्याने नेमला. सुनावणी फोनवरच्या व्हिडिओतून झाली आणि काकूंच्या वाडीत रेंज फक्त विहिरीच्या काठावर येत होती. त्यांनी पोस्टाची पावती कॅमेऱ्यासमोर धरली, नंतर पत्राच्या प्रतीसह पाठवूनही दिली. निवाडा आला त्यात पत्राचा शब्द नव्हता. करार वाढला आहे, काकूंनी चारही खोल्यांच्या चाव्या कंपनीच्या माणसाकडे द्याव्यात, असं होतं.

"बाळ, हे कागद दोन तारखेला हातात पडले," काकू म्हणाल्या. "मी सही करून घेतले. आता यावर काही करता येतं का? माझ्याच खोलीची चावी मी कुणाकडे मागायची?"

मी म्हटलं, "येतं, काकू. रद्द करायचा अर्ज करता येतो."

"लगेच यायला हवं का? घरात एकटी आहे. मार्चमध्ये शिमग्याचे पाहुणे, मग परीक्षा संपल्या की मे महिना. जून लागला की मोकळी होते."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. दोन फेब्रुवारीपासून एकशे वीस दिवस. दोन जून.

"दोन जूनपर्यंत मुदत आहे," मी म्हटलं. "पण एक जूनला नक्की या."

"तुझ्यासारखी पोर तिथे आहे म्हणून बरं," काकू म्हणाल्या. मला त्या वाक्याने दिवसभर हलकं वाटलं.

मॅडम आल्यावर मी त्यांना सांगितलं की एक काकू जूनमध्ये लवादाच्या कामासाठी येणार आहेत. त्या मान हलवून फोनकडे वळल्या. मी मुदतीचं बोलले नाही, कारण मुदत मला माहीत होती. काकांनी काही लिहिलं नाही, कारण वकीलपत्र नव्हतं.

मे महिना आला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होऊन गेली. चार तारखेला, गुरुवारी, काका कॅलेंडरसमोर उभे राहून न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीआधीची कामं बघत होते. पुढच्या सोमवारपासून सुट्टी होती. मी सहज म्हटलं, "काका, दोन जूनला सुट्टी असेल ना? मुरुडच्या काकूंचा लवादाचा अर्ज आहे. त्याआधीच करायला हवा."

काका वळले. "कसला अर्ज?"

"निवाडा रद्द करायचा. एकशे वीस दिवस होतात."

"कधी हाती पडला?"

"दोन फेब्रुवारी."

काकांनी लाल पेन्सिल कानावरून काढली. फेब्रुवारीच्या दोनवर ठेवली, पान उलटून मार्चच्या दोनवर, एप्रिलच्या दोनवर, मेच्या दोनवर. तिथे ठेवून थांबले. "संपले तीन महिने. परवाच."

"पण पुढे तीस दिवस आहेत."

"ते कारण असेल तर. आपलं कारण काय?"

काका मोजतच राहिले. मेच्या दोनपासून तीस दिवस. पेन्सिल एक जूनवर येऊन थांबली. "आणि हे तीससुद्धा एक जूनला संपतात. तुझे दोन जून कुठून आले?"

आम्ही दोघांनी पुन्हा मोजलं. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा. दोन फेब्रुवारी ते दोन मे म्हणजे एकोणनव्वद दिवस. त्यात तीस मिळवले की एकशे एकोणीस. माझा एकशे विसावा दिवस कायद्याने दिलेल्या शेवटच्या दिवसाच्याही पुढे होता. त्या दिवशी काकू पोचल्या असत्या तर जगातलं कुठलंही कारण चाललं नसतं. शिवाय एक जून सुट्टीत येत होता, आणि पहिले तीन महिने सुट्टीत संपले तर कोर्ट उघडेल त्या दिवशी अर्ज चालतो, पण ही सवलत त्या वाढीव तीस दिवसांना मिळत नाही. हे काकांनी मला तेव्हाच सांगितलं. त्यांनी कलम कधी वाचलं नसेल. त्यांनी माणसं परत जाताना बघितली होती.

मॅडमच्या खोलीत मीच गेले. मी जे झालं ते सांगितलं, फोनपासून. त्या ऐकत होत्या आणि मला वाटत होतं की आता त्या म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. त्या म्हणाल्या, "काकूंना फोन लाव. उद्या सकाळी इथे पाहिजेत. आणि तू जेवलीस का?"

मी जेवले नव्हते.

"जेवून ये. उपाशी माणूस प्रतिज्ञापत्र वाईट लिहितो."

मी काकूंना फोनवर सांगितलं की मी तारीख चुकवली. मग त्या म्हणाल्या, "उद्या आठ पाहुणे आहेत. बरं. त्यांना शेजारी जेवायला घालते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांना मिनीडोरमधून आणलं. एरवी दहा माणसं भरल्याशिवाय गाडी न हलवणारे बाबा त्या दिवशी एका सवारीवर काशीद, रेवदंड्याचा पूल, चौल करत आले. वाटेत हात दाखवणाऱ्यांना म्हणत होते, "न्हाय थांबत. कोर्टाचं हाय." काकूंच्या मांडीवर एक पिशवी होती. त्यात निवाडा, पोस्टाची पावती, आणि चार चाव्यांची लाकडी पट्टी. पट्टी का आणली विचारलं तर म्हणाल्या, "घरात ठेवून आले आणि तो माणूस आला तर?"

काकांनी काकूंना पाणी दिलं आणि हळूच सुचवलं, "उशिराचं कारण द्यावं लागेल. तापाचं लिहू. ओळखीचा डॉक्टर आहे."

"मला ताप येत नाही," काकू म्हणाल्या.

"आठवडाभर आला होता असं म्हणायचं."

"अहो, त्याच आठवड्यात बारा पाहुण्यांना मी वाढत होते. त्यांनी इंटरनेटवर फोटो टाकलेत. हसरे."

मॅडम दारात उभ्या होत्या. "काका, डॉक्टरला सुट्टी द्या. कारण जे आहे ते लिहायचं. तीन महिन्यांच्या आत अर्जदाराने आमच्या ऑफिसला विचारलं, ऑफिसने चुकीची मुदत सांगितली." मग माझ्याकडे वळल्या. "ऑफिस म्हणून लिहू की तुझं प्रतिज्ञापत्र जोडू? कायदा तुला भाग पाडत नाही. मीसुद्धा नाही."

मला वाटलं होतं की माझं पहिलं प्रतिज्ञापत्र सनद मिळाल्यावर, काळा कोट घालून करीन. मी म्हटलं, "माझं जोडा."

ते लिहायला मला दोन तास लागले, कारण मी सारखी 'गैरसमजातून' लिहायचे आणि मॅडम तो शब्द कापायच्या. "गैरसमज कसला? तुला काय वाटलं, ते लिही." शेवटी मी लिहिलं की मी एका स्पर्धेसाठी गुंतवणूक लवादाचा अभ्यास करत होते, तिथली मुदत एकशे वीस दिवसांची आहे, आपल्या कायद्यातले तीन महिने आणि तीस दिवस मला तेवढेच वाटले, आणि ते तीस दिवस हक्काचे नसून कारण दाखवून मागायचे असतात हे माझ्या लक्षात आलं नाही. शपथ घेताना कोर्टातल्या कारकुनाने कागदावरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कागदाकडे.

तिकडे कंपनीला निवाड्यावर अर्ज होणार याची आगाऊ सूचना द्यायची होती, ती ईमेलने आणि पोस्टाने गेली, आणि अर्ज त्याच दिवशी, शुक्रवारी, दाखल झाला. कंपनीने आधीच कॅव्हेट लावून ठेवलं होतं, म्हणजे कंपनीचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा कोर्टाला दिलेला कागद. त्यामुळे सुनावणी शनिवारी लागली. सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी उमगली. आमच्या स्पर्धेतल्या खटल्यात देशाने अर्जातच स्थगिती मागितली की समिती त्या मागणीवर निर्णय देईपर्यंत तात्पुरती स्थगिती आपोआप मिळते. मी तेही इकडे लावून बसले होते. मॅडम म्हणाल्या, "इथे नुसत्या अर्जाने काही थांबत नाही. वेगळी स्थगिती मागायची, आणि न्यायाधीशांनी कारण लिहून ती द्यायची. आज तीन महिने उलटलेत, म्हणजे कंपनी अंमलबजावणीला जाऊ शकते." काकूंनी पिशवी मांडीवर आणखी जवळ ओढली.

शनिवारी कोर्टात कंपनीचे वकील पनवेलहून आले होते. माणूस नीट होता, आवाज चढवणारा नव्हता. ते म्हणाले, "साहेब, तीन महिने म्हणजे तीन महिने. वकिलाच्या कार्यालयाला कायदा माहीत नव्हता, हे पुरेसं कारण झालं तर मुदतीला अर्थच उरणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "तीन दिवसांचा उशीर आहे. कारण आम्ही लपवलेलं नाही. उशिराचा फायदा अर्जदाराला काहीच नव्हता."

न्यायाधीश माझं प्रतिज्ञापत्र वाचत होते. त्यांनी विचारलं, "हे लिहिणारी विद्यार्थिनी आहे का इथे?"

मी उभी राहिले. गुडघा बाकाला लागला.

"एकशे वीस दिवस चुकले तर तिथे उशीर माफ होतो का?"

"नाही, साहेब." मी म्हटलं. "म्हणजे तशी तरतूद करारात नाही. फक्त सदस्याच्या भ्रष्टाचाराचं कारण असेल तर एकशे वीस दिवस तो कळल्यापासून मोजतात. पण निवाड्यानंतर तीन वर्षांच्या पुढे नाही."

"आणि समितीच्या निर्णयावर अपील?"

"नाही. आपल्याकडे कोर्टाच्या आदेशावर अपील आहे. तिथे नाही."

"म्हणजे चुकायचं असेल तर इथेच चुकलेलं बरं," ते म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे बघू लागले. कंपनीचे वकीलही गालात हसले. मी बसले.

न्यायाधीशांनी उशीर माफ केला. आदेशात लिहिलं की पक्षकाराने वेळेत विचारणा केली होती, चूक प्रांजळपणे मांडली आहे आणि उशीर तीन दिवसांचा आहे. मग स्थगितीवर मॅडम उभ्या राहिल्या आणि एकच मुद्दा बोलल्या. वादात जिचे हितसंबंध आहेत त्या कंपनीच्याच संचालकाने एकट्याने लवाद नेमला, आणि काकूंनी वाद उभा राहिल्यावर त्याला लेखी संमती दिलेली नाही. पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती मिळाली. अट एवढीच की काकूंनी खोल्या आहेत तशा ठेवायच्या आणि दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायच्या नाहीत.

"दुसऱ्या कुणाला मी कशाला देते," काकू बाहेर आल्यावर म्हणाल्या. बाबा पायऱ्यांशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "झालं का?"

"तेवढ्यापुरतं झालं."

"चला मंग. पाहुनं हायत काकूंचं."

त्या पावसाळ्यात आमची स्पर्धा झाली. उपांत्यपूर्व फेरीत आम्ही हरलो. परीक्षकांनी मला विचारलं की लवाद मंडळाने कायदा चुकीचा लावला तर तो अधिकार ओलांडणं नाही का. मी बाबांचं सामन्याचं उदाहरण मनात आणून उत्तर दिलं, पण ते म्हणाले, ही रेषा तुम्ही फार सोपी करता आहात. ते बरोबर होतं. कायदा चुकीचा लावणं आणि लावायचा तो कायदा लावलाच नाही, यात फरक आहे, आणि समित्यांनाही तो कधीकधी जड जातो. मुदतीबद्दल मात्र कुणी विचारलं नाही.

काकूंचा अर्ज दिवाळीनंतर निकाली निघाला. निवाडा रद्द झाला, लवादाच्या नेमणुकीच्या मुद्द्यावर. काकू ऑफिसात बसून पूर्ण आदेश ऐकत होत्या. मी वाचत होते. संपल्यावर त्या म्हणाल्या, "आणि माझं पत्र?"

"पत्राबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही, काकू. पंचच चुकीचा होता म्हटल्यावर पुढे जायची गरज नव्हती."

"मग करार वाढला की नाही?"

"ते अजून कुणी ठरवलेलं नाही. कंपनीला हवं असेल तर नवा लवाद नेमावा लागेल, दोघांच्या संमतीने. नाही जमलं तर उच्च न्यायालय नेमेल. माझ्या स्पर्धेतल्या त्या आंतरराष्ट्रीय करारातही असंच आहे. निवाडा रद्द झाला की वाद संपत नाही, कुणी मागितलं तर नव्या मंडळापुढे जातो."

"म्हणजे मी जिंकले नाही."

मी मॅडमच्या खोलीकडे बघितलं. दार बंद होतं. "नाही," मी म्हटलं. "पण चाव्या द्यायला सांगणारा कागद आता उरलेला नाही."

काकूंनी पिशवीतून ती लाकडी पट्टी काढली. मे महिन्यापासून त्या ती कुठेही जाताना बरोबर नेत होत्या. हे बाबांनी मला सांगितलं होतं, देवळात जातानाही नेतात म्हणून. त्यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली, पावती मागितल्यासारखं माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "घरी खुंटी रिकामी आहे. आज लावते."

कंपनीने अपील केलं नाही. नव्या लवादासाठी नोटीस मात्र पाठवली, जानेवारीत. दोन्ही बाजूंनी ठाण्याच्या एका निवृत्त न्यायाधीशांचं नाव मान्य केलं. काकूंनी पहिल्या दिवशी पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती स्वतःच्या हाताने दिली. ते काम अजून चालू आहे. खोल्या काकूच चालवतात.

नोटिशीबद्दल काकूंचा फोन आला तेव्हा तो मीच घेतला होता. उत्तर किती दिवसांत द्यायचं, असं त्यांनी विचारलं. मला उत्तर येत होतं. तरी मी म्हटलं, "कागद समोर आहे का? आधी हाती कधी पडला ते सांगा," आणि फोन कानाशी धरूनच उठून कॅलेंडरकडे गेले. काकांनी लाल पेन्सिल पुढे केली. त्यांचा वकीलपत्राचा नियम मे महिन्यातच बदलला होता. आता नुसत्या चौकशीच्याही तारखा भिंतीवर असतात, त्या माझ्या अक्षरात, आणि भिंत अजून पुरते आहे.